डावीकडे वाढत जाणारी आकृती

कॉम्प्युटर नेटवर्कच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक आकृती ठरलेली असते. सर्वांत वर एक छोटा चौकोन, त्यात ‘डेटा’ असे लिहिलेले. खालच्या ओळीत तोच चौकोन, पण त्याच्या डाव्या अंगाला एक नवा तुकडा जोडलेला. त्याखालच्या ओळीत आणखी एक तुकडा. अशी ती आकृती पायरीपायरीने डावीकडे वाढत जाते, आणि शेवटच्या ओळीत उजवीकडेही एक चिटुकली शेपटी येते. शेजारी थरांची नावे आणि खाली जाणारा एक बाण. परीक्षेत ही आकृती हमखास येते. मुले ती पट्टीने रेघा मारून सुबक काढतात, थरांची नावे कुठल्याशा युक्तीने पाठ करतात आणि पेपर संपला की विसरून जातात.

विसरतात यात त्यांचा फारसा दोष नाही. त्या आकृतीत चौकोन असतात, पण चौकोनांत काही नसते. ‘आयपी हेडर’ असे लिहिलेल्या डब्यात नेमके काय आहे, ते तिथे का आहे आणि नसते तर काय अडले असते, हे आकृती सांगत नाही. म्हणून या प्रस्तावनेत तिचे सगळे प्रकार न मांडता एकच खराखुरा संदेश घेतला आहे आणि तो थराथरांतून खाली नेताना त्यावर चढलेला प्रत्येक बाइट मोजला आहे.

त्याआधी थोडा इतिहास, कारण ही आकृती कुणी एका बैठकीत आखून काढलेली नाही. ती एका वादातून निघाली. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी पॅकेट नेटवर्के एकमेकांना जोडण्याची योजना प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात प्रोटोकॉल एकच होता. पॅकेटला वाट दाखवणे आणि ते हरवले तर पुन्हा पाठवणे, ही दोन्ही कामे त्याच्याच गळ्यात होती. फाइल पाठवायची असेल तर हे सोयीचे होते. पण त्याच काळात काही मंडळी नेटवर्कवरून माणसाचा आवाज पाठवण्याचे प्रयोग करत होती, आणि त्यांची अडचण वेगळी होती. बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर क्षणभर खरखर होते, एवढेच. तोच तुकडा अर्ध्या सेकंदाने पुन्हा हातात आला तर त्याचा उपयोग शून्य, आणि त्याच्यासाठी मागचे सगळे खोळंबून राहते. पुन्हा पाठवण्याची ही सक्ती त्यांना नको होती.

ऑगस्ट १९७७ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एका टिपणात स्पष्ट शब्दांत लिहिले, की थर वेगळे ठेवण्याचे तत्त्व मोडून आपण रचनेचा घोळ करतो आहोत. वाट दाखवणारा भाग आणि दोन टोकांमधला व्यवहार सांभाळणारा भाग वेगळे करायला हवेत. पुढच्याच वर्षी तसे ठरले. एका प्रोटोकॉलचे टीसीपी आणि आयपी असे दोन झाले. ज्यांना पुनर्प्रेषण नको त्यांच्यासाठी यूडीपी हा अगदी सडपातळ प्रोटोकॉल आला. त्याची व्याख्या ऑगस्ट १९८० ची आणि जेमतेम तीन पानांची. आयपी आणि टीसीपी यांची प्रमाण रूपे सप्टेंबर १९८१ मध्ये निघाली. आकृतीत वाहतुकीच्या थराचा तुकडा आणि आयपीचा तुकडा वेगवेगळे दिसतात, ते या भांडणामुळे.

सात थरांचे ओएसआय मॉडेल हे वेगळे घराणे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते १९८४ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर अर्पानेट टीसीपी-आयपीवर चालू लागून वर्ष उलटले होते. अभ्यासक्रमात सात थर टिकले, तारेवर मात्र साधारण चारच दिसतात. ‘सेशन’ आणि ‘प्रेझेंटेशन’ या थरांचे स्वतंत्र हेडर शोधत बसलेल्या विद्यार्थ्याला ते सापडत नाहीत, कारण इंटरनेटच्या बांधणीत ते स्वतंत्र हेडर म्हणून नाहीतच. ती कामे लागतील तशी अॅप्लिकेशनच्या पोटात केली जातात. सातांची नावे बोलताना उपयोगी पडतात, ‘लेयर टू स्विच’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पण बाइट मोजायला बसल्यावर चारांचाच हिशोब लागतो.

आता तो संदेश. कुणीतरी ब्राउझरमध्ये `example.com` असे टाइप करते. मशीनला नावे कळत नाहीत, पत्ते कळतात, म्हणून सगळ्यात आधी डीएनएस सर्व्हरला विचारावे लागते: या नावाचा आयपी पत्ता काय? घरातल्या नेटवर्कवर लॅपटॉपचा पत्ता 192.168.1.10 आहे आणि डीएनएस सर्व्हर म्हणून गूगलचा 8.8.8.8 लावलेला आहे, असे धरू. हा एक प्रश्न लॅपटॉपमधून बाहेर पडताना असा दिसतो:

```
0000  00 00 5e 00 53 01 00 00 5e 00 53 02 08 00 45 00
0010  00 39 1c 46 40 00 40 11 4c ac c0 a8 01 0a 08 08
0020  08 08 d4 31 00 35 00 25 6f e2 1a 2b 01 00 00 01
0030  00 00 00 00 00 00 07 65 78 61 6d 70 6c 65 03 63
0040  6f 6d 00 00 01 00 01
```

प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट, सोळाच्या पायात लिहिलेला. एकूण ७१ बाइट. डावीकडचे चार आकडी क्रमांक फक्त मोजणीसाठी आहेत. `tcpdump` किंवा वायरशार्क चालवून कुणालाही आपल्या मशीनवर असेच काहीसे पाहता येते. पत्ते आणि क्रमांक तेवढे वेगळे असतील.

हा ढिगारा तयार झाला तो शेवटाकडून. मूळ प्रश्न शेवटच्या २९ बाइटांत आहे, `1a 2b` पासून. त्यातले पहिले बारा बाइट डीएनएसचे स्वतःचे हेडर: एक ओळख क्रमांक, काही खुणा, आणि ‘प्रश्न एक, उत्तरे शून्य’ अशी मोजदाद. पुढे नाव. त्यात टिंब कुठेच नाही. `07` म्हणजे पुढची सात अक्षरे, मग `example` ची सात अक्षरे. `03` म्हणजे पुढची तीन, मग `com`. आणि `00` म्हणजे नाव संपले. शेवटचे चार बाइट सांगतात की हवा आहे तो आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता. अॅप्लिकेशनचे काम इथे संपले. हे २९ बाइट कोणत्या वाटेने जातील, मध्ये वाय-फाय आहे की फायबर, याची त्याला फिकीर नाही.

खालचा थर, यूडीपी, या २९ बाइटांच्या पुढे आठ बाइट लावतो: `d4 31 00 35 00 25 6f e2`. पहिले दोन म्हणजे ५४३२१, लॅपटॉपवरच्या त्या प्रोग्रामला तात्पुरता मिळालेला पोर्ट. पुढचे दोन ५३, डीएनएसचा ठरलेला पोर्ट. मग लांबी ३७, म्हणजे आठ अधिक एकोणतीस. शेवटी चेकसम. एका मशीनवर एकाच वेळी पंचवीस प्रोग्राम नेटवर्कशी बोलत असतात. उत्तर आल्यावर ते कुणाच्या हाती द्यायचे, हे या पोर्टवरून ठरते. यूडीपी याहून जवळजवळ काहीच करत नाही.

त्याच्या पुढे आयपीचे वीस बाइट, `45` पासून. `45` मधला ४ म्हणजे आवृत्ती, आणि ५ म्हणजे हेडर चार-चार बाइटांच्या पाच ओळींचे. `00 39` म्हणजे एकूण लांबी ५७. मधल्या `40 00` मध्ये ‘याचे तुकडे करू नका’ अशी खूण आहे. ती आत्ता किरकोळ वाटते, पुढे बराच त्रास देणार आहे. मग `40`, म्हणजे ६४: हे पॅकेट जास्तीत जास्त किती राउटर ओलांडू शकते याची मर्यादा. मग `11`, म्हणजे सतरा. मग हेडरचा चेकसम, आणि सर्वांत शेवटी कुणाकडून आणि कुणाला हे दोन पत्ते.

सर्वांत डावीकडे इथरनेटचे चौदा बाइट. सहा बाइटांचा घेणाऱ्याचा मॅक पत्ता, सहांचा देणाऱ्याचा, आणि दोन बाइट `08 00`. आकृतीतली उजवीकडची शेपटी म्हणजे चार बाइटांची तपासणी बेरीज. वरच्या यादीत ती दिसत नाही, कारण ती नेटवर्क कार्ड स्वतः जोडते आणि पलीकडचे कार्ड तपासून काढून टाकते. ती शेवटी असण्याचे कारण साधे आहे: बिट बाहेर पडत असतानाच कार्ड तिचा हिशोब करत जाते, आणि तो पुरा होतो तेव्हा बाकीची फ्रेम निघून गेलेली असते. आठ, वीस, चौदा आणि चार असे एकूण ४६ बाइट. म्हणजे २९ बाइटांच्या प्रश्नासाठी त्याच्या दीडपटीहून अधिक बांधाबांध.

या ७१ बाइटांतले तीन आकडे आकृती समजण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच पाठ्यपुस्तकातल्या चौकोनांत हरवतात. `08 00`, `11` आणि `00 35`. पलीकडे फ्रेम पोचते तेव्हा मशीनपुढे नुसती बाइटांची रांग असते. कुठे काय संपते हे दाखवणाऱ्या रेघा तिच्यात मारलेल्या नसतात. इथरनेटचा भाग पहिले चौदा बाइट वाचतो, `08 00` पाहतो आणि उरलेले आयपीकडे सोपवतो. तिथे `08 06` असते तर ते एआरपीकडे गेले असते. आयपीचा भाग `11` पाहतो आणि उरलेले यूडीपीला देतो. तिथे `06` असते तर टीसीपीला. यूडीपी ५३ पाहतो आणि डीएनएस सर्व्हरच्या प्रोग्रामला हाक मारतो. प्रत्येक हेडरमध्ये ‘माझ्या आत कोण आहे’ हे सांगणारा एक रकाना असतो, म्हणूनच उलगडा होऊ शकतो. इथरनेटला आयपीचे हेडर वाचता येण्याची गरज नाही, त्याचे नाव माहीत असले की पुरते.

शिकवताना या सगळ्याला पाकिटात पाकीट अशी उपमा देतात. ती वाईट नाही, पण दोन ठिकाणी दगा देते. पहिले म्हणजे, टपालाचे बाहेरचे पाकीट निघाल्यापासून पोचेपर्यंत तेच असते. इथे सर्वांत बाहेरचे आवरण प्रत्येक टप्प्यावर फाडून फेकले जाते. वरच्या फ्रेममधला पहिला मॅक पत्ता 8.8.8.8 या सर्व्हरचा नाही. तो घरातल्या राउटरचा आहे. परीक्षेत आणि मुलाखतीत सर्वाधिक चुका इथे होतात. लॅपटॉपला एवढेच ठरवायचे असते की हे पॅकेट आधी शेजारच्या कोणत्या यंत्राकडे द्यायचे. राउटर ते चौदा बाइट काढतो, आयपी पत्ता पाहतो, पुढचा शेजारी ठरवतो आणि त्या जोडणीला लागेल तसे नवे आवरण चढवतो. लॅपटॉप ते राउटर वाय-फाय असेल तर हवेतले आवरण वेगळ्याच घाटाचे असते. राउटरपासून पुढे फायबर असेल तर आणखी वेगळे.

आतले आयपी हेडरही अगदी जसेच्या तसे जात नाही. प्रत्येक राउटर त्या ६४ मधून एक वजा करतो, नाहीतर चुकलेली पॅकेटे गोल गोल फिरत राहिली असती. इतर काही बदलले नाही असे धरले तर `40 11` चे `3f 11` होते, आणि हेडरचा चेकसम `4c ac` होता तो `4d ac` होतो. एक आकडा उतरला म्हणून दुसरा चढला. वाटेतल्या प्रत्येक राउटरने प्रत्येक पॅकेटसाठी हे करायचे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हा चेकसमच काढून टाकला, त्यामागे हे एक कारण आहे.

उपमा दुसऱ्यांदा फसते ती पाकिटाच्या झाकणाशी. टपालाचे पाकीट बंद असते. नेटवर्कवरचे कोणतेही हेडर आतला मजकूर झाकत नाही. ते नुसते पुढे जोडलेले असते. ज्याच्या हातून पॅकेट जाते त्याला हवे तेवढे आत पाहता येते. थरांच्या नियमाप्रमाणे राउटरने आयपी हेडरच्या आत डोकावू नये. व्यवहारात घराघरांतला राउटर दिवसभर हेच करतो.

192.168.1.10 हा पत्ता खासगी आहे, इंटरनेटवर त्याच्याकडे उत्तर पाठवता येत नाही. म्हणून राउटर जाणाऱ्या पॅकेटमध्ये त्याच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो. पण घरातली चार मशीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतील, तर परत आलेले उत्तर कुणाचे हे कसे कळणार? त्यासाठी तो यूडीपी हेडरमधला ५४३२१ हा पोर्टही गरजेप्रमाणे बदलतो आणि कोणत्या पोर्टमागे कोण याची नोंद ठेवतो. याला नॅट म्हणतात.

आता गंमत अशी, की एवढ्याने भागत नाही. यूडीपीचा चेकसम `6f e2` काढताना फक्त यूडीपीचे बाइट धरलेले नसतात. हिशोबापुरते एक बारा बाइटांचे खोटे हेडर पुढे मानले जाते. त्यात दोन्ही आयपी पत्ते, सतरा हा आकडा आणि लांबी असते. ते तारेवर कधीच जात नाही. हेतू चांगला होता: पॅकेट चुकून भलत्याच मशीनवर उतरले तर बेरीज जुळू नये. पण याचा अर्थ असा की वरच्या थराने खालच्या थराचे पत्ते आपल्या हिशोबात मुरवून ठेवले आहेत. नॅट करणाऱ्या राउटरने आयपी पत्ता बदलला की त्याला यूडीपीचा चेकसमही बदलावाच लागतो. आकृतीत दोन चौकोनांमध्ये ठळक रेघ असते. इथे ती रेघ दोन्ही बाजूंनी ओलांडलेली आहे, एकदा प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी आणि एकदा राउटर बनवणाऱ्यांनी.

मशीनच्या पोटात डोकावले तर आणखी एक गैरसमज दूर होतो. आकृती पाहून वाटते की प्रत्येक थर वरून आलेला मजकूर घेतो, मोठ्या डब्यात उतरवून ठेवतो आणि पुढे देतो. तसे केले तर प्रत्येक पायरीला सगळ्या बाइटांची नक्कल करावी लागेल. लिनक्समध्ये असे होत नाही. पॅकेटसाठी मेमरीत जागा घेतानाच मजकुराच्या पुढे मोकळी जागा सोडलेली असते, आणि पॅकेट कुठून सुरू होते हे दाखवणारा एक निर्देशक असतो. `skb_push` म्हटले की तो निर्देशक हेडरच्या लांबीएवढा मागे सरकतो आणि त्या जागेत ते हेडर लिहिले जाते. आयपी तो वीस बाइट मागे सरकवतो, इथरनेट चौदा. मूळ २९ बाइट होते तिथेच बसून राहतात. घेणाऱ्या बाजूला `skb_pull` हेच उलटे करतो. पाठ्यपुस्तकातली डावीकडे वाढत जाणारी आकृती म्हणजे या मेमरीचे बऱ्यापैकी हुबेहूब चित्र आहे, हे ती काढणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

मशीनच्या पोटातल्या अशाच आणखी एका सोयीमुळे वायरशार्क नव्याने वापरणारा माणूस हमखास घाबरतो. आपल्याच मशीनवरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा आहे, असे त्याला पडद्यावर दिसते, कधी दीड हजारांहून कितीतरी मोठी पॅकेटे दिसतात. बिघाड काहीच नसतो. चेकसम भरण्याचे आणि मोठ्या मजकुराचे तुकडे करण्याचे काम आताशा नेटवर्क कार्डावर सोपवलेले असते, आणि वायरशार्क पॅकेट पाहतो ते कार्डाकडे जाण्याआधी. चेकसमची खरी स्थिती पाहायची तर घेणाऱ्या मशीनवर पाहावी.

खरा बिघाड होतो तो वजनाचा. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात, आणि त्यातच आयपी आणि त्यावरचे सगळे बसवायचे असते. टीसीपीचे हेडर कमीत कमी वीस बाइटांचे, आयपीचे वीस, म्हणजे मजकुराला १४६० उरले. जोडणी करतानाच दोन्ही टोके एकमेकांना हा आकडा कळवतात. इथवर ठीक. आता वाटेत कुणीतरी आणखी एक आवरण घालते. भारतातल्या अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांवर पीपीपीओई वापरतात, म्हणजे राउटरमध्ये यूजरनेम आणि पासवर्ड भरून जी जोडणी चालू होते ती. तिचे हेडर आठ बाइटांचे, आणि ते त्याच १५०० मध्ये बसते. आयपीसाठी उरले १४९२.

लॅपटॉपला हे ठाऊक नाही, कारण त्याची जोडणी राउटरपर्यंतच आहे आणि तिथे १५०० चालतात. दूरच्या वेब सर्व्हरलाही ठाऊक नाही. दोघे १४६० वर राजी होतात. सर्व्हर पूर्ण १५०० बाइटांचे पॅकेट पाठवतो, त्यावर ‘तुकडे करू नका’ ही खूण असते. सेवा पुरवणाऱ्याच्या टोकाला, जिथे पीपीपीओईचे आठ बाइट चढायचे, तिथे ते मावत नाही. तिथला राउटर पॅकेट टाकून देतो आणि नियमाप्रमाणे सर्व्हरला आयसीएमपीचा निरोप धाडतो: इथून १४९२ पेक्षा मोठे जाणार नाही. सर्व्हरला निरोप मिळाला की तो लहान पॅकेटे करतो आणि सगळे सुरळीत होते.

निरोप पोचला तर. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी अडवणारे फायरवॉल जगात थोडेथोडके नाहीत. मग सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पाठवतो, ते पुन्हा त्याच जागी पडते, आणि कुणालाच काही कळत नाही. या दुखण्याची लक्षणे चकवणारी असतात. साधा पिंग चालतो. नावाचा पत्ता मिळतो. टीसीपीची जोडणीही होते, कारण ही सगळी पॅकेटे लहान असतात. पहिले मोठे उत्तर यायची वेळ येते आणि पान तिथेच अडकते. एसएसएचने लॉगिन होते, छोटे कमांड चालतात, लांबलचक यादी मागवली की पडदा गोठतो. काही साइट चालतात, काही नाही. तक्रार घेणारा माणूस स्पीड टेस्ट करून दाखवतो, वेग छान असतो.

ओळखायचे कसे, तर पॅकेटचा आकार हाताने ठरवून पिंग करायचा. लिनक्सवर:

```
ping -M do -s 1464 HOST
ping -M do -s 1472 HOST
```

`HOST` च्या जागी पिंगला उत्तर देणाऱ्या एखाद्या दूरच्या मशीनचे नाव. पिंगच्या मजकुरावर आयसीएमपीचे आठ आणि आयपीचे वीस बाइट चढतात, म्हणून १४७२ चे बरोबर १५०० होतात आणि १४६४ चे १४९२. पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला ‘तुकडे करावे लागतील’ असा निरोप आला, तर निदान या दिशेने सगळे नियमाप्रमाणे चालले आहे. दुसऱ्याला उत्तरही नाही आणि निरोपही नाही, नुसती शांतता, तर मोठी पॅकेटे वाटेत कुठेतरी मुकाट गिळली जात आहेत. व्हीपीएन चालू केल्यावरच साइट अडकत असतील तरी हाच संशय घ्यावा, कारण तेही एक जादा आवरणच. वायरगार्डसारखा व्हीपीएन आपली मर्यादा सहसा आधीच १४२० वर उतरवून ठेवतो. डेटा सेंटरमध्ये व्हीएक्सलॅन वापरतात तिथे तर पूर्ण इथरनेट फ्रेम यूडीपीच्या पोटात जाते आणि एका दमात ५० बाइट चढतात.

यावरचा प्रचलित उपाय पाहिला तर थरांचे तत्त्व सांगणाऱ्यांना घाम फुटेल. राउटर जाणाऱ्या-येणाऱ्या टीसीपी जोडणीचे पहिले पॅकेट उघडतो, त्यातला १४६० हा आकडा खोडतो आणि १४५२ लिहितो. दोन्ही टोकांना वाटते की समोरच्यानेच तेवढे सांगितले. १४५२ अधिक चाळीस म्हणजे १४९२, पॅकेट मावते, कुणाला निरोप पाठवण्याची वेळच येत नाही. तिसऱ्या थराच्या यंत्राने चौथ्या थराच्या हेडरमध्ये परस्पर खाडाखोड केलेली असते आणि त्यामुळेच लाखो घरांतले इंटरनेट विनातक्रार चालते. पाठ्यपुस्तकात याला जागा नसते. अनेक राउटरांच्या सेटिंगमध्ये मात्र त्याची चौकट असते.

ही लुडबुड टीसीपीवर चालते, कारण टीसीपीचे हेडर उघडे असते. मे २०२१ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेल्या क्विक या प्रोटोकॉलने ती सोयच काढून घेतली. क्विक यूडीपीच्या आत बसतो, टीसीपी करतो ती बहुतेक कामे स्वतः करतो आणि आपले पॅकेट क्रमांक, पोच, मर्यादा हे सगळे गुप्त लिपीत ठेवतो. वाटेतल्या राउटरला पोर्ट दिसतात, थोड्या खुणा आणि जोडणीचा ओळख क्रमांक दिसतो. खोडून बदलावा असा आकडा हाती लागत नाही. मग मोठी पॅकेटे अडकण्याचा प्रश्न क्विकने आपल्याच टोकाला सोडवला. जोडणीचे पहिले पॅकेट गरज नसली तरी भर घालून निदान १२०० बाइटांचे करायचे, म्हणजे एवढे जाते की नाही हे सुरुवातीलाच कळते. त्याहून मोठे पाठवायचे असेल तर आधी चाचणीचे पॅकेट सोडायचे आणि त्याची पोच आली तरच आकार वाढवायचा. वाटेतल्या कुणाच्या आयसीएमपी निरोपावर त्याला अवलंबून राहावे लागत नाही.